सुट्टीच्या दिवशी काम केलंत? सी-ऑफचा अर्ज नेमक्या तारखांनिशी कसा लिहावा

ऐरोली, महापे, रबाळे, वागळे इस्टेट या पट्ट्यात नव्याने नोकरीला लागलेल्यांना पहिल्या वर्षातच एक प्रश्न पडतो. सणाच्या किंवा राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं, आपण गेलो, तर त्या बदल्यात मिळणारी सुट्टी मागायची कशी? ऑफिसात तिला कुणी कॉम्प-ऑफ म्हणतं, कुणी सी-ऑफ. टीम लीडर बहुतेक वेळा तोंडी ‘हो, घे नंतर’ म्हणतात. तो ‘नंतर’ दोन महिन्यांनी उजाडतो, तेव्हा सी-ऑफ बाद झालेला असतो किंवा पोर्टलवर त्याची नोंदच नसते. सी-ऑफ नाकारला जाण्यामागे दरवेळी कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही. तारीख अर्धवट लिहिलेली असते, म्हणून एचआरला ती हजेरीशी जुळवता येत नाही, हे कारण मी जास्त वेळा पाहिलं आहे. म्हणून हा लेख मुख्यतः तारखांबद्दल आहे.

आधी बघा, तो दिवस तुमच्या यादीत आहे का

सरकारी कॅलेंडरवर लाल दिसणारा प्रत्येक दिवस खासगी कंपनीत सुट्टी असतोच असं नाही. महाराष्ट्रातल्या दुकानं आणि आस्थापनांसाठीच्या २०१७ च्या कायद्यात कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यांतल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या असतात. त्यामुळे एका कंपनीत गणेश चतुर्थी आणि गुढीपाडवा असतो, तर शेजारच्या इमारतीत त्याऐवजी होळी आणि नाताळ असू शकतो. शिवजयंतीला तुम्ही काम केलं आणि ती तुमच्या कंपनीच्या यादीत नसेल, तर तो त्यांच्या लेखी साधा कामाचा दिवस ठरतो आणि अर्ज तिथेच अडतो. यादी पोर्टलवर किंवा नोटीस बोर्डावर असते. तिचा फोटो काढून ठेवा, कारण अर्जात सुट्टीचं नाव यादीत जसं छापलंय तसंच लिहायचं आहे. यादीत ‘महाराष्ट्र दिन’ असेल तर तुम्ही ‘कामगार दिन’ लिहू नका. दिवस एकच असला तरी अर्ज तपासणारा माणूस यादीशी अक्षरं जुळवत असतो.

याच कायद्यातली आणखी एक गोष्ट नव्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही. या आठ सुट्ट्यांपैकी एखाद्या दिवशी कामावर बोलावलं, तर त्या दिवसाचा दुप्पट पगार आणि शिवाय बदल्यात दुसऱ्या दिवशी सुट्टी, अशा दोन्ही गोष्टी द्यायच्या असतात. बऱ्याच ठिकाणी ‘पैसे घे किंवा सी-ऑफ घे’ असं सांगितलं जातं. म्हणून अर्जात ‘दुप्पट पगाराऐवजी’ किंवा ‘मोबदल्याऐवजी सुट्टी द्यावी’ असे शब्द चुकूनही घालू नका. ‘सुट्टीच्या दिवशी काम केल्याबद्दल बदली सुट्टी’ एवढंच लिहा. पैशांचा विषय वेगळा आहे. आज तो काढायचा नसेल तरी आपल्याच हाताने तो लिहून सोडून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

हा कायदा सगळ्यांना लागू नाही. अगदी लहान आस्थापना त्यातून सुटतात, आणि व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांवरची माणसंही सुटतात. अशा पदांची यादी कंपनीने आपल्या वेबसाइटवर किंवा ऑफिसात दर्शनी जागी लावायची असते. तुमच्या पदाच्या नावात ‘एक्झिक्युटिव्ह’ आहे एवढ्यावरून तुम्ही त्या यादीत जात नाही. यादीत असाल तर मात्र तुमचा सी-ऑफ पूर्णपणे कंपनीच्या नियमावर चालतो. मग लीव्ह पॉलिसीचा तो परिच्छेद वाचल्याशिवाय अर्ज करू नका.

कामावर जाण्याआधीची एक ओळ

सुट्टीच्या दिवशी येण्याचा निरोप बहुतेक वेळा फोनवर किंवा जाता-येता मिळतो. तो लेखी नसेल तर तुम्हीच लेखी करून घ्या. त्यात भांडणाचा सूर नको, साधा मेसेज पुरतो:

“सर, आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे शुक्रवार, १ मे २०२६ (महाराष्ट्र दिन) रोजी रात्री ९ च्या पाळीला मी येतो आहे. या दिवसाचा सी-ऑफ मी नंतर पोर्टलवर टाकेन. कळावे.”

त्यावर ‘ओके’ आलं तरी पुष्कळ झालं. उत्तर आलं नाही तरी मेसेज तारखेनिशी तिथे राहतो. अनेक कंपन्यांच्या नियमात ‘पूर्वपरवानगीने केलेलं काम’ असे शब्द असतात. ती अट पूर्ण झाल्याचा तुमच्याकडचा पुरावा हाच. आपणहून येऊन बसलेल्या माणसाला सी-ऑफ देत नाहीत, आणि कागदावर तुम्ही तसेच दिसता कामा नये.

सुट्टीच्या दिवशी घरून थोडं लवकर निघा. हे सांगण्यामागे हिशेबाचं कारण आहे. अशा दिवशी लोकल बऱ्याचदा रविवारच्या वेळापत्रकाने धावतात. ठाणे–वाशी मार्गावर एक गाडी चुकली की पुढची लवकर येत नाही, आणि पंच उशिरा पडतो. रोजच्या दिवशी अर्ध्या तासाचा उशीर खपून जातो. सी-ऑफच्या हिशेबात मात्र तासांची किमान मर्यादा असते. अनेक ठिकाणी पूर्ण दिवसासाठी आठ तास आणि अर्ध्या दिवसासाठी चार तास असं धरतात. साडेसात तास भरले, तर हातात अर्धाच सी-ऑफ येतो. तुमच्या कंपनीचा आकडा काय आहे ते आधी विचारून ठेवा, म्हणजे संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबायचं ते कळेल.

रात्रपाळी आणि मध्यरात्रीची रेघ

सगळ्यात जास्त अर्ज या ठिकाणी अडकतात, म्हणून एक उदाहरण तपशिलात बघू.

समजा, ऐरोलीच्या एका सपोर्ट सेंटरमध्ये एक मुलगा नव्याने लागला आहे. त्याची पाळी रात्री ९ ते सकाळी ६, आणि साप्ताहिक सुट्टी बुधवार-गुरुवार. गुरुवारी, ३० एप्रिल २०२६ ला तो घरी होता. शुक्रवारी १ मे, महाराष्ट्र दिन. त्या रात्री ९ ला तो कामावर गेला आणि शनिवारी २ मे च्या सकाळी ६ वाजता बाहेर पडला. नऊ तासांची पाळी पूर्ण झाली. त्याने पोर्टलवर ‘१ मे चा सी-ऑफ’ एवढंच टाकलं आणि अर्ज परत आला. शेरा होता, ‘किमान तास पूर्ण नाहीत’.

त्याने हजेरीचं पान उघडलं, तेव्हा कारण समोर आलं. १ मे समोर तीन तास दिसत होते, आणि २ मे समोर नऊ. मशीनने मध्यरात्री रेघ मारली होती. शुक्रवारी रात्री ९ ते १२ हे तीन तास १ मे च्या खात्यात गेले. मध्यरात्रीनंतरचे सहा तास २ मे च्या खात्यात गेले आणि त्यात शनिवारी रात्रीच्या पाळीचे सुरुवातीचे तीन तास मिळाले. मशीनच्या हिशेबाने त्याने सुट्टीच्या दिवशी फक्त तीन तास काम केलं होतं.

इथे काम देतो तो पाळी सुरू होण्याच्या दिवसाचा नियम. कारखान्यांच्या कायद्यात मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीबद्दल असंच धरलं आहे: मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे. ऐरोलीचं सपोर्ट सेंटर म्हणजे काही कारखाना नव्हे. तरीही बहुतेक कंपन्यांचं रोस्टर याच पद्धतीने लिहिलेलं असतं, म्हणजे पाळी ज्या तारखेला सुरू होते ती त्या पाळीची तारीख. त्यामुळे अर्जात दोन्ही तारखा, दोन्ही वेळा आणि पाळीची तारीख असं तिन्ही लिहायचं. त्या मुलाचा सुधारलेला अर्ज असा:

“विषय: १ मे २०२६ (महाराष्ट्र दिन) रोजी केलेल्या कामाबद्दल एक दिवसाचा सी-ऑफ जमा करण्याबाबत.

महोदय, कंपनीच्या २०२६ च्या सुट्ट्यांच्या यादीतील महाराष्ट्र दिनी, शुक्रवार, १ मे २०२६ रोजी, रोस्टरप्रमाणे मी पूर्ण पाळी काम केले आहे. पाळीची वेळ: शुक्रवार, १ मे २०२६ रात्री ९ ते शनिवार, २ मे २०२६ सकाळी ६. ही एकच सलग पाळी असून रोस्टरवर तिची तारीख १ मे आहे. हजेरीच्या नोंदीत हे तास १ मे आणि २ मे असे विभागून दिसत आहेत, तरी कृपया ते एकत्र धरावेत. या कामासाठी टीम लीडरांनी ३० एप्रिल २०२६ रोजी दिलेली संमती सोबत जोडली आहे. माझ्या खात्यात एक पूर्ण दिवसाचा सी-ऑफ जमा करावा, ही विनंती.”

खाली नाव, कर्मचारी क्रमांक आणि विभाग. सोबत तीन गोष्टी जोडल्या: रोस्टरचं पान, हजेरीच्या त्या दोन ओळींचा स्क्रीनशॉट आणि टीम लीडरचा मेसेज. ऑफिसात मेल इंग्रजीत लिहायची पद्धत असेल तर इंग्रजीत लिहा, पण वाक्यांचा क्रम हाच ठेवा: सुट्टीचं नाव, वार आणि तारीख, वेळ, पाळीची तारीख, संमती आणि शेवटी मागणी.

हाच नियम उलट बाजूनेही लागतो. ज्यांची पाळी ३० एप्रिलच्या रात्री ९ ला सुरू होऊन १ मे च्या सकाळी ६ ला संपली, त्यांचे सहा तास सुट्टीच्या तारखेत पडतात खरे, पण पाळीची तारीख ३० एप्रिल आहे. बहुतेक ठिकाणी त्यांना सी-ऑफ मिळत नाही. त्यांची सुट्टी म्हणजे १ मे च्या रात्रीची पाळी. काही कंपन्या वेगळं धरतात, म्हणून एकदा विचारून घ्या. मात्र एकाच सुट्टीसाठी दोन्ही रात्रींचा दावा टाकू नका. तो हमखास पकडला जातो, आणि खरा दावाही संशयात येतो.

तारीख लिहिताना महिना अक्षरातच लिहा. ०१/०५/२०२६ असं लिहिलं, तर परदेशी बनावटीच्या पोर्टलवर ते ५ जानेवारी वाचलं जाऊ शकतं. नवी मुंबईतल्या आयटी कंपन्यांत असं घडतं. ‘१ मे २०२६, शुक्रवार’ याचा दुसरा अर्थ निघूच शकत नाही. शिवाय वार लिहिला की तारखेत चूक असेल तर ती लगेच डोळ्यात भरते.

आधी जमा, मग रजा

नव्या माणसाच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे सी-ऑफचे दोन अर्ज असतात. पहिला सी-ऑफ खात्यात जमा करून घेण्याचा. दुसरा, तो कुठल्या दिवशी वापरायचा त्याचा. पहिला मंजूर होऊन शिल्लक दिसायच्या आत तुम्ही घरी राहिलात, तर तो दिवस बिनपगारी लागू शकतो. मग पगाराच्या स्लिपवरून तो काढून घ्यायला पुढचा महिना जातो.

पहिल्या अर्जाला पगाराच्या चक्राची मुदत असते. बऱ्याच कंपन्यांचं चक्र महिन्याच्या १ तारखेला सुरू होत नाही. आपल्या उदाहरणात ते २१ तारखेपासून पुढच्या २० तारखेपर्यंत आहे असं धरा. मग १ मे ची पाळी २१ एप्रिल ते २० मे या चक्रात येते, आणि हजेरी दुरुस्त करून सी-ऑफ जमा करण्याचं काम २० मे च्या आत व्हायला हवं. चक्र बंद झालं की पोर्टलवर ते तास बदलता येत नाहीत. मग एचआरला खास परवानगी काढावी लागते, आणि तिथे तुमचा अर्ज रांगेत पडतो. पाळी संपल्यावर दोन-तीन दिवसांत अर्ज टाकणं उत्तम.

दुसरी मुदत सी-ऑफ वापरण्याची. कंपनीचा नियम ‘६० दिवसांत’ असा असेल, तर १ मे सोडून पुढे मोजल्यास साठावा दिवस ३० जून येतो. १ मे धरून मोजल्यास २९ जून येतो. नियम ‘दोन महिन्यांत’ असा असेल तर १ जुलै. हा एक-दोन दिवसांचा फरक वादाचा होऊ नये म्हणून सगळ्यात अलीकडची तारीख, इथे २९ जून, आपली शेवटची तारीख समजा आणि तीच अर्जात लिहा. साप्ताहिक सुट्टी बुडाली असेल तर हिशेब थोडा वेगळा आहे. दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात तिची बदली रजा त्या सुट्टीपासून दोन महिन्यांत द्यायची आहे. कारखान्यांत मात्र तोच महिना किंवा त्यापुढचे दोन महिने असं मोजतात. म्हणजे ३ मे ला बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीची मुदत दुकान-आस्थापनेत ३ जुलैला संपते, आणि कारखान्यात ३१ जुलैपर्यंत चालते. टीटीसीच्या पट्ट्यात एकाच आवारात कारखाना आणि ऑफिस दोन्ही असतात, तेव्हा शेजारच्या माणसाचा हिशेब तुम्हाला लागू होईलच असं धरू नका.

आता तो मुलगा रजा कधी घेणार? त्याच्या साप्ताहिक सुट्टीला जोडून शुक्रवार, २२ मे. इथेही पाळी लिहावी लागते, नाहीतर एचआर गुरुवारी मध्यरात्रीपासूनची रजा समजेल की शुक्रवारी रात्रीची, हे सांगता येत नाही. त्याने लिहिलं:

“माझ्या खात्यात जमा असलेला सी-ऑफ (कामाची तारीख: १ मे २०२६, महाराष्ट्र दिन) मी शुक्रवार, २२ मे २०२६ रात्री ९ ते शनिवार, २३ मे २०२६ सकाळी ६ या एका पाळीसाठी वापरू इच्छितो. शनिवार, २३ मे रोजी रात्री ९ च्या पाळीला मी हजर राहीन. कामाच्या अडचणीमुळे ही तारीख शक्य नसल्यास शुक्रवार, १२ जून २०२६ ची पाळी चालेल. हा सी-ऑफ वापरण्याची मुदत २९ जून २०२६ रोजी संपत आहे.”

या मजकुरात रजेचं कारण नाही. सी-ऑफ हा झालेल्या कामाचा मोबदला आहे, त्यासाठी लग्न-आजारपण सांगायची गरज नाही. पर्यायी तारीख मात्र जरूर द्यावी. एकच तारीख दिली की ‘नाही’ म्हणणं सोपं जातं. दोन दिल्या की बोलणं कुठली तारीख यावर येतं. आणि मुदतीची तारीख लेखी दिल्यामुळे, रजा नाकारत राहून सी-ऑफ बाद झाला तर तो कुणामुळे झाला याची नोंद राहते. या मंजुरीने तो बुधवार, २० मे च्या सकाळी ६ पासून शनिवार, २३ मे च्या रात्री ९ पर्यंत मोकळा झाला. गावी जायचं तिकीट काढताना याच वेळा बघायच्या.

सुट्टीवर सुट्टी आली तर

१५ ऑगस्ट २०२६ शनिवारी आहे. ज्यांची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, त्यांना त्या दिवशी बोलावलं तर दोन सी-ऑफ मिळतात का, असं विचारलं जातं. बहुतेक नियमांत एका दिवसाच्या कामाला एकच सी-ऑफ असतो. अर्जात दोन्ही गोष्टी लिहा, ‘शनिवार, १५ ऑगस्ट २०२६, स्वातंत्र्य दिन, तसेच माझी साप्ताहिक सुट्टी’, आणि मागणी एकाच दिवसाची ठेवा. नियमात जास्त असेल तर एचआर ते देईल. नसेल तर अर्ज निदान खोळंबणार नाही.

नकार आला तर

तोंडी नकारावर थांबू नका. ‘माझा १ मे २०२६ चा सी-ऑफ कोणत्या कारणाने नामंजूर झाला ते कृपया कळवावे, म्हणजे आवश्यक ती दुरुस्ती करता येईल’ असा एक मेल टीम लीडरला पाठवा आणि प्रत एचआरला द्या. तासांचं कारण असेल तर पाळीची नोंद दाखवा. संमतीचं कारण असेल तर मेसेज दाखवा. मुदतीचं कारण असेल तर अर्ज कोणत्या तारखेला केला होता ते दाखवा. पोर्टलवरचे स्क्रीनशॉट त्या-त्या दिवशीच काढून स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, कारण जुन्या महिन्यांची पानं नंतर उघडत नाहीत.

सुरक्षारक्षक, हाउसकीपिंग, गोदामातली भरणी करणारी मंडळी बऱ्याचदा कंत्राटदाराच्या पटावर असतात. त्यांनी अर्ज कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडे द्यायचा. जिथे प्रत्यक्ष काम केलं त्या कंपनीच्या अॅडमिनला प्रत द्यावी, कारण गेटवरची नोंद त्यांच्याकडे असते. कागदी अर्ज असेल तर दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर ‘मिळाला’ असं लिहून घेऊन सही आणि तारीख घ्या. सही द्यायला कुणी तयार नसेल, तर त्याच दिवशी अर्जाचा फोटो सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि खाली ‘आज दुपारी अर्ज दिला आहे’ एवढं लिहा.

एवढं करूनही दाद मिळाली नाही तर कामगार विभागाकडे तक्रार करता येते. त्यासाठी कामाची जागा कुठल्या जिल्ह्यात येते ते आधी बघा. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात आहे. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात येतात, पत्त्यात नवी मुंबई लिहिलेलं असलं तरीही. तक्रारीला सुट्ट्यांच्या यादीचा फोटो, रोस्टर, हजेरी, अर्ज आणि नकाराचा मेल तारखांच्या क्रमाने लावा.

नोकरी सोडायचं ठरलं असेल तर राजीनाम्याआधी सी-ऑफची शिल्लक बघून घ्या. हिशेब चुकता करताना अर्जित रजेचे पैसे मिळतात, पण उरलेल्या सी-ऑफचे बऱ्याच कंपन्या देत नाहीत, आणि नोटिशीच्या काळात तो वापरूही देत नाहीत.